दसऱ्याचं तोरण: पानं एका दोरीवर, झेंडू दुसऱ्या दोरीवर

डोंबिवलीत स्वतःच्या घरात राहायला आल्यावरचा पहिला दसरा. गावी तोरण आई करायची. माझं काम झाडावर चढून डहाळे काढून देण्यापुरतंच, त्यामुळे ते बांधतात कसं याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी सकाळी सातला बसलो. एकाच दोऱ्यात एक पान, एक फूल, एक पान, एक फूल असं ओवत गेलो आणि पानं सुटायला लागली तेव्हा स्टेपलर काढला. नऊ वाजता दारावर टांगलं, छान दिसलं. अकरापर्यंत सगळी पानं घरंगळत मध्यभागी जमली आणि दोन्ही बाजूंना नुसता दोरा राहिला. तिसऱ्या दिवशी झेंडू खालून काळा पडून गळायला लागला, आणि त्याचं पाणी लागलेल्या पानांवर तपकिरी डाग उमटले. पिना जिथे मारल्या होत्या तिथे काळ्या टिकल्या दिसत होत्या.

पुढच्या वर्षी स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका फुलवाल्या मावशींनी मला बसवून शिकवलं. त्यानंतरच्या वर्षांत चुकत-माकत जे हाती लागलं ते खाली लिहिलंय. मोजमाप एका नेहमीच्या फ्लॅटच्या दाराचं घेतलंय, तुमच्या दाराप्रमाणे आकडे बदलतील.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. झेंडू आणि आंब्याचं पान यांचं आयुष्य सारखं नाही. झेंडू रसाळ असतो, दोन-तीन दिवसांत देठाकडून कुजायला लागतो. आंब्याचं पान चिवट आणि मेणचट असतं, ते कुजत नाही, सावकाश वाळतं. दोघांना एका दोरीत ओवलं की फूल जाताना पानालाही घेऊन जातं. शिवाय वजन जवळपास सगळं फुलांचं असतं, पानांचं नगण्य. म्हणून दोऱ्या दोन करायच्या. मागे पानांची, पुढे फुलांची. दारावर टांगल्यावर कुणाला कळतही नाही.

काय काय लागेल

- आंब्याच्या तीन-चार डहाळ्या. १३ पानं लागतात, पण निवडायला २० तरी हाताशी हवीत.
- पाव किलो झेंडू. मध्यम आकाराची ३०-४० फुलं येतात, त्यातली एकसारखी १४ तोरणाला आणि बाकीची पूजेला.
- बारीक सुतळी, साधारण पाच फूट.
- जाड सुती दोरा. पतंगाचा मांजा किंवा नायलॉनचा दोरा नको, तो फुलाचा देठ कापतो.
- दाभण किंवा गोधडीची मोठी सुई.
- मोजपट्टी, स्केचपेन, कात्री.
- पातेलं किंवा बादली आणि दोन जुने पंचे.
- थोडं खोबरेल तेल. हे पानांसाठी नाही, हातांसाठी. कारण पुढे येईल.

१. आदल्या दिवशी दार मोजा

डहाळ्या आणण्याआधी हे करायचं, कारण पानं किती आणि केवढी हवीत ते दारावरून ठरतं.

माझ्या दाराच्या चौकटीची रुंदी ४२ इंच आहे. दोन खिळे बरोबर तेवढ्या अंतरावर. दोन्ही टोकांना दीड-दीड इंच सोडलं की पानांसाठी ३९ इंच उरतात. १३ पानं लावली की त्यांच्यामध्ये १२ अंतरं होतात. ३९ भागिले १२ म्हणजे सव्वातीन इंच. पहिलं पान खिळ्यापासून दीड इंचावर, दुसरं पावणेपाचवर, तिसरं आठवर, असं करत सातवं बरोबर २१ इंचावर, म्हणजे दाराच्या मधोमध येतं.

पानांची संख्या विषम ठेवायची ती याच्यासाठी. ११, १३, २१ असे आकडे शुभ मानतात ते आहेच, पण विषम संख्येत मधोमध एक पान येतं आणि तोरण दोन्हीकडे तोलून दिसतं. सम संख्या घेतली की मध्यभागी भगदाड पडतं आणि नजर नेमकी तिथेच जाते.

सव्वातीन इंच हे अंतर पानाच्या रुंदीवरून आलंय. मध्यम पान पोटाशी साधारण दोन इंच रुंद असतं, म्हणजे दोन पानांमध्ये सव्वा इंच मोकळा राहतो. वर देठाजवळ पान निमुळतं असल्यामुळे तिथे जागा जास्त मिळते, आणि तिथेच दोन इंचाचं फूल आरामात बसतं. तुमचं दार मोठं असेल तर पानं वाढवा, अंतर ताणू नका. चार इंचांच्या पुढे गेलं की तोरण विरळ, दात पडल्यासारखं दिसतं. अडीचच्या खाली आलं तर पानं एकमेकांवर चढतात, आणि चढलेल्या जागी ओल अडकून डाग पडतात.

याच वेळी आणखी एक पाहून घ्या: सेफ्टी डोअर कुठे उघडतं? आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटांत मुख्य दार आत आणि जाळीचं दार बाहेर उघडतं. तोरण चौकटीच्या बाहेरच्या अंगाला लावलं आणि पानांची टोकं जाळीच्या दाराच्या वरच्या कडेखाली आली, की दार उघडताना ते पानांना ढकलत नेतं. दिवसातून वीस वेळा. दुपारपर्यंत टोकं चुरगळलेली. यावर उपाय दोन. खिळे इतके वर घ्यायचे की पानांची टोकं दाराच्या वरच्या कडेच्याही वर राहतील. किंवा दोन दारांच्या मध्ये, चौकटीच्या जाडीत तोरण लावायचं. माझी चौकट पाच इंच खोल आहे, म्हणून मी मध्ये लावतो. तिथे ऊनही पोचत नाही, हा वरचा फायदा.

२. पानं निवडणं

कोवळी, तांबूस किंवा पोपटी पालवी दिसायला फार गोड असते, पण ती घेऊ नका. तिच्यावर मेणाचा थर पुरता चढलेला नसतो, टांगल्यावर चार तासांत मान टाकते. फार जुनं, काळपट, टोकाला करपलेलं पानही नको, ते दुमडताना तुटतं. या दोहोंमधलं हवं: गडद हिरवं, वरून चकचकीत, हातात घेतल्यावर कडक पण वाकवलं तर वाकणारं. बोटांमध्ये धरून सोडलं की सरळ होणारं पान घ्यावं, वाकलेलंच राहिलं तर ते शिळं आहे.

लांबी देठ सोडून सात ते आठ इंच. सगळी पानं जमिनीवर ओळीने मांडा आणि ज्यांची लांबी अर्ध्या इंचापेक्षा जास्त मागेपुढे आहे ती बाजूला काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण तोरण व्यवस्थित दिसणं गाठींपेक्षा यावर जास्त अवलंबून असतं.

पानांवर काजळीसारखा काळा थर असेल तर घाबरू नका. झाडावरच्या तुडतुड्यांच्या चिकट स्रावावर ती बुरशी वाढते, ओल्या फडक्याने निघून जाते. फोडांसारख्या गाठी असलेली पानं मात्र टाकून द्या, त्या काही निघत नाहीत.

बाजारात डहाळ्यांच्या जुड्या मिळतात. दादरला किंवा पुण्यात मार्केट यार्डात दसऱ्याच्या आदल्या रात्री ढीग लागलेले असतात. जुडीचा वरचा थर ताजा असतो आणि आतली पानं दबून गरम झालेली असतात. म्हणून आत हात घालून बघा. उबदार लागली तर दुसरी जुडी घ्या. पानं घरी येईपर्यंत डहाळीवरच राहू द्या.

आता तेलाचं. आंबा हा काजू आणि बिब्ब्याच्या कुळातला आहे. देठ तोडला की जो चीक येतो त्याने काहींच्या बोटांना खाज सुटते, क्वचित फोडही येतात. म्हणून पानं खुडण्याआधी बोटांना खोबरेल लावून घ्यायचं, आणि त्या हाताने डोळे चोळायचे नाहीत. नव्या सदऱ्यावर चिकाचा डाग पडला तर तो सहजी जात नाही, हेही आपलं जाता जाता.

३. भिजवणं, आणि मग थांबणं

डहाळी घरी आली की बुडाचा एक इंच तिरका कापून ती बादलीत उभी ठेवा, फुलदाणीत ठेवतो तशी. रात्री झोपताना पानं खुडा. देठ पूर्ण लांबीचा ठेवा, कारण गाठ त्याच्याच जिवावर राहणार आहे. मग ही पानं पातेल्यात पूर्ण बुडतील अशी गार पाण्यात ठेवा आणि वर ताटली झाका. रात्रभर पाण्यात राहिली की ती भरून येतात. तोडलेल्या पानाला नंतर पाणी मिळण्याची सोय नाही, जे काय प्यायचं ते त्याने आत्ताच पिऊन घ्यायचं.

सकाळी पानं काढा, पंच्याने दोन्ही बाजूंनी पुसा आणि सावलीत पसरून तासभर सोडून द्या.

हा तासभर माझ्याकडून दुसऱ्या वर्षी राहिला होता. भिजवायचं हे कळलं होतं, थांबायचं हे नाही. पाण्यातून काढलेलं पान टम्म भरलेलं असतं, काकडीसारखं. दुमडायला गेलो आणि कट्. मधली शीर मोडली. तेरातली पाच तशी गेली. दुसऱ्या दिवशी त्या मोडलेल्या जागा तपकिरी झाल्या, आणि दोन पानं तिथूनच तुटून खाली पडली. तासभर हवेवर राहिलं की पान किंचित सैलावतं आणि न मोडता वाकतं. तरीही शीर जाड वाटली तर दुमडायच्या जागी अंगठ्याने हलकेच दाबून घ्या.

४. पान बांधायची गाठ

सुतळीच्या दोन्ही टोकांना नऊ-नऊ इंच सोडून मधल्या ४२ इंचांत पानांच्या जागांवर स्केचपेनने खुणा करा. मग सुतळी दोन खुर्च्यांच्या पाठींना ताणून बांधा. मांडीवर किंवा जमिनीवर ठेवून बांधू नका, ताण नसेल तर अंतरं हमखास चुकतात. सुती दोऱ्याचे एक-एक फुटाचे १३ तुकडे कापून ठेवा.

मावशी तुकडे करत नाहीत. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून त्या एकाच सलग दोऱ्यात सरसर बांधत जातात आणि बोलताना हाताकडे बघतही नाहीत. आपल्याला ते जमत नाही, आणि जमवायची गरजही नाही. प्रत्येक पान वेगळ्या तुकड्याने बांधलं तर एखादं खराब झालेलं पान बाकीच्यांना हात न लावता बदलता येतं.

मी पहिल्यांदा पानाचा नुसता देठ सुतळीला बांधला होता. मावशींनी ते हातातून काढून घेतलं.

"दादा, असं बांधलं तर पान गरागरा फिरतं. वारा आला की पाठ दाखवतं सगळ्यांना. त्याला सुतळीवर बसवायचं."

बसवायचं म्हणजे काय, ते असं:

पानाची चकचकीत बाजू तुमच्याकडे, टोक खाली. देठ आणि पान जिथे जुळतात त्याच्या अर्धा इंच खाली पान सुतळीवर टेकवा आणि वरचा भाग मागे दुमडा, दांडीवर पंचा वाळत घालतो तसा. आता देठ मागच्या बाजूला खाली लोंबतोय आणि पान पुढे.

दोऱ्याच्या तुकड्याचा मध्य पानाच्या मागे, सुतळीच्या लगेच खाली, देठावर आडवा टेकवा. दोन्ही टोकं पानाच्या दोन बाजूंनी पुढे आणा. पुढे, पानाच्या गळ्यावर त्यांची फुली करा: डावं टोक उजवीकडे, उजवं डावीकडे. मग दोन्ही टोकं सुतळीच्या वरून मागे न्या, एक पानाच्या उजव्या अंगाने, एक डाव्या. ओढा. दोरा आता पानाला आणि सुतळीला एकदमच धरतो, आणि पानाच्या दोन्ही बाजूंनी सुतळी आवळली जाते. पान घरंगळत नाही ते यामुळेच.

मागे देठावर गाठ मारायची. पहिल्यांदा उजवं टोक डाव्यावर, दुसऱ्यांदा डावं उजव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूने मारली तर दिसायला गाठच दिसते, पण ती हळूहळू सरकते. ओळखायची खूण अशी: बरोबर गाठीत उरलेली टोकं दोऱ्याच्या रेषेत पडून राहतात, चुकलेल्या गाठीत ती आडवी फाकतात. उरलेली टोकं पाव इंच ठेवून कापा.

किती आवळायचं? दोरा पानात रुतून हिरवा रस दिसला तर जास्त झालं, ती जागा काळी पडणार. बोटाने पान बाजूला ढकलून बघा. जागचं हललं नाही की पुरे. पहिल्या तीन पानांना वेळ लागेल, पाचव्यापासून हात बसतो. सुरुवात मधल्या, सातव्या पानापासून करा आणि सगळ्यात देखणं पान तिथे लावा. मग एक डावीकडे, एक उजवीकडे असं टोकांपर्यंत जा.

स्टेपलर वापरायचाच नाही का? घाई असेल तर वापरा, पण काळ्या टिकल्या पडणार हे धरून चाला. आंब्याच्या पानात टॅनिन भरपूर असतं आणि ओल्या पानात लोखंडी पीन गेली की दोघांचं मिळून काळं होतं, शाईसारखं. दोऱ्याऐवजी काही टोचायचंच असेल तर खराट्याची हीर बोटभर कापून घ्या. पान सुतळीवर दुमडून दोन्ही थरांतून ती टाचणीसारखी आरपार घालायची. आई असंच करायची. सुबक दिसतं, पण यात पान सुतळीवर सरकतं, म्हणून हिरीने टाचलेली पानं एकमेकांना लागून दाट लावावी लागतात.

कोकणात याच दिवसांत नवं बांधतात. आंब्याच्या पानात भाताची लोंबी, कुरडूचं फूल, जे शेतात असेल ते गुंडाळून दाराला आणि देवापाशी. त्याची बांधणी वेगळी, इथल्या गाठीशी तिचा संबंध नाही. पण घरी लोंब्या आल्या असतील तर मधल्या पानाच्या मागे दोन खोचा, छान दिसतात.

५. झेंडूची दोरी

फूल विकत घेताना देठाकडून दाबून बघा. हिरवा भाग टणक हवा. मऊ लागला किंवा पाकळ्या ओढल्यावर सहज निघाल्या तर फूल जुनं आहे. दसऱ्याच्या आधी पाऊस पडला असेल तर फुलं आतून ओली असतात, आणि बाजारात वरून पाणी मारलेलं असतं ते वेगळं. घरी आणल्याबरोबर पिशवीतून काढून वर्तमानपत्रावर पसरा, पंख्याखाली. पानाला पाणी हवं, झेंडूला नको. दोघांना एकाच बादलीत टाकणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्यात मीही होतो.

ओवताना एक बारकावा आहे. माळ करताना आपण सुई देठातून फुलाच्या मध्यात घालतो, म्हणून फुलं एकावर एक बसतात. तोरणात तसं केलं तर फुलं आडवी पडून भिंतीकडे किंवा आकाशाकडे बघतात. इथे सुई पाकळ्यांखालच्या हिरव्या फुगीर भागातून आडवी, या बाजूने त्या बाजूला घालायची. मग फुलाचं तोंड समोर येतं.

दोरा दुहेरी घ्या, पाच फुटांचा. फुलं १४. बारा फुलं पानांच्या मधल्या जागांत, आणि दोन्ही टोकांना एकेक, जी बरोबर खिळ्यांवर येऊन ते झाकतात. फुलांमधलं अंतरही सव्वातीन इंचच. प्रत्येक फुलाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याला एकेक साधी गाठ मारा, फूल तिथेच राहतं. केशरी आणि पिवळा एकाआड एक घेतलात तर फुलं १४ असल्यामुळे एक टोक केशरी आणि दुसरं पिवळं होईल. ते खटकत असेल तर सगळी एकाच रंगाची घ्या.

६. टांगणं

लाकडी चौकटीला इंचाचा खिळा पुरतो. भाड्याचं घर असेल आणि मालक खिळ्याला हरकत घेत असेल तर चिकटणारे हूक चालतात, पण ते सनमायका, टाईल किंवा रंगवलेल्या लोखंडावरच टिकतात. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर लावले तर रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली येतात. जागा कोरड्या फडक्याने पुसा आणि हूक आदल्या रात्रीच लावून ठेवा. जाळीचं दार आणि त्याची चौकट लोखंडी असेल तर लोहचुंबकाचे हूक सगळ्यात सोपे.

आधी पानांची सुतळी. डावं टोक पक्कं बांधा. उजवं टोक खिळ्याला तीन वेढे देऊन पायजम्याच्या नाडीसारख्या सुटणाऱ्या गाठीने बांधा, कारण ते पुन्हा सोडावं लागणार आहे. सुतळी सुरुवातीला सैलावते. तासाभराने मध्यभागी ती बोटभर खाली आलेली दिसेल, तेव्हा उजवीकडून ओढून परत बांधा. अगदी तारेसारखी ताणू नका, मध्यात अर्धा इंच झोळ राहिला तर तो डोळ्याला बरा वाटतो.

मग त्याच खिळ्यांवर, पुढून, फुलांची दोरी. ही जड असते, म्हणून मध्यभागी सातव्या पानाशी एका छोट्या दोऱ्याने तिला सुतळीशी अडकवा. तेवढ्या एका टाक्याने ती खाली येत नाही.

आता दहा पावलं मागे जाऊन बघा. एखादं पान तिरकं असेल तर ते ओढून सरळ करू नका. मागचा देठ त्याच्या उलट दिशेला किंचित सरकवा, पान आपोआप वळतं.

७. पानं हिरवी ठेवणं

आंब्याच्या पानाला पाणी सोडणारी बारीक छिद्रं मुख्यतः खालच्या, फिक्या बाजूला असतात. वरची चकचकीत बाजू मेणाने जवळपास बंद असते. हे कळलं की कोणता उपाय कामाचा आणि कोणता नुसता समाधानाचा, ते आपोआप कळतं.

पानांना तेल चोळा असं खूप जण सांगतात. वरच्या बाजूला तेलाचा हात फिरवला की पान चमकतं, फोटोला छान येतं. पण पाणी जातंय खालून, त्यामुळे हिरवेपणा एक दिवसही वाढत नाही, उलट रस्त्यावरची धूळ चिकटते. ग्लिसरीनच्या पाण्यात ठेवलेली पानं मऊ राहतात हे खरं, पण रंग हळूहळू तपकिरीकडे झुकतो. सजावटीला ठीक, तोरणाला नाही. पाण्यात साखर किंवा ॲस्पिरिनची गोळी टाकण्याचा उपयोग डहाळी उभी असेपर्यंतच, पान खुडल्यावर काही नाही.

उपयोगी पडतं ते इतकंच. रात्री झोपताना ओला पंचा घट्ट पिळून पानांच्या मागच्या बाजूने हलकेच फिरवा. फुलांना लागू देऊ नका. स्प्रेची बाटली वापरायची असेल तर आधी फुलांची दोरी काढून घ्या, दोन गाठींचं तर काम आहे. आणि ऊन टाळा. पश्चिमेच्या दाराला दसऱ्याच्या दिवसांत दुपारी तीननंतर जे ऊन लागतं, त्यात पानं दोन दिवसांत कडेने वळायला लागतात. माझ्या दोन दारांच्या मधल्या सावलीत तीच पानं सहा दिवस हिरवी राहिली आहेत. गुढीपाडव्याला उकाडा आणि कोरडी हवा जास्त, तेव्हा यातून एक-दोन दिवस वजा करा.

पान जातंय हे ओळखायचा क्रम ठरलेला असतो. आधी ते मधल्या शिरेवर पन्हळीसारखं वळतं, मग चकाकी जाते, मग हिरव्यात राखाडी येतो. वळायला लागलेलं पान परत सरळ होत नाही, म्हणून तिथे पाणी मारत बसू नका. बदलायचं तर त्याचा तुकडा कापून नवं बसवा. त्यासाठी चार जास्तीची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवून द्या.

सकाळी गडबड असते म्हणून तोरण आदल्या रात्रीच करून ठेवायचं असेल तर पानांची सुतळी अशीच ओल्या पंच्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवता येते. या वेळी भिजवणं दुपारीच उरकून घ्या. फुलांची दोरी मात्र कोरड्या वर्तमानपत्रात, बाहेरच, गार जागी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली तर सकाळी ती घामेजलेली आणि वास येणारी मिळेल.

८. फुलं बदलणं आणि तोरण उतरवणं

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एखादं फूल मागून चेपून बघा. बोटाला ओलं लागलं की पुढची दोरी उतरवायची वेळ झाली. हवं तर नवी लावा, नाहीतर नुसती पानं राहू द्या. उशीर झाला तर काळं पाणी आधी पानांवर आणि मग चौकटीच्या रंगावर उतरतं. पांढऱ्या ऑइलपेंटवरचा तो डाग मी दोन वर्षं पाहतोय.

पानं वाळली तरी काही घरांत पुढच्या सणापर्यंत तोरण तसंच ठेवतात. आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईला उतरतं. सुतळी आणि सुती दोरा मातीत कुजतात, त्यामुळे सगळं एकत्र कुंडीत किंवा खताच्या डब्यात टाकता येतं. पानं मात्र हाताने चुरून टाका, अख्खी राहिली तर महिनोन्‌महिने तशीच असतात. हूक काढताना आधी केस वाळवायच्या ड्रायरने गरम करा, म्हणजे रंग ओढून येत नाही.

टोकांची दोन फुलं, खिळ्यांवरची, त्यांना वारा लागतो म्हणून बहुतेक वेळा कुजत नाहीत, नुसती वाळतात. ती कागदावर उकला. आत काळ्या काडीसारख्या, एका टोकाला फिकट कुसळं असलेल्या बिया असतात. चपट्या, पोकळ लागतात त्या रुजत नाहीत, फूल लवकर खुडलेलं असतं. चार-पाच भरीव निघाल्या तर कुंडीत पाव इंच मातीखाली पेरा, आठवड्याभरात कोंब दिसतात. माझ्याकडे गेल्या वर्षी दोन रोपं आली. एकाला फुलं अगदीच लहान आली, तोरणाला घेण्यासारखी नव्हती.